रानात गाडीवर इंडक्शन शेगडी लावायचीय? व्ही-टू-एल वापरायच्या आधी एवढं वाचा

मागच्या थंडीत आम्ही दोन कुटुंबं मित्राच्या रानात मुक्कामाला गेलो होतो, गगनबावडा रोडला कळ्याच्या पुढं, घरापासनं साधारण 40 किलोमीटर. रानात लाइट आहे पण ती शेतीपंपाची, कधी येईल कधी जाईल सांगता येत नाही, आणि रात्री तर नसतेच म्हणा. मग म्हटलं आपली इलेक्ट्रिक गाडी कशाला आहे, 45 युनिटची बॅटरी घेऊन फिरतोय, एक रात्र नाही निघणार व्हय. रात्र निघाली, पण पहिल्या पंधरा मिनिटांत सगळं एकदा बंद पडलं, आणि बॅटरी संपली म्हणून नाही. बॅटरीत तेव्हा 77 टक्के होते.

नवीन माणूस इथंच चुकतो म्हणून हे सगळं लिहितोय. सगळे जण बॅटरी संपायची काळजी करतात, आणि खरा अडथळा दुसरीकडंच असतो. टाकी हजार लिटरची असली तरी तोटी अर्ध्या इंचाची असेल तर पाणी अर्ध्या इंचाचंच येणार, तसंच आहे हे. व्ही-टू-एल म्हणजे गाडीच्या बॅटरीतला डीसी करंट गाडीतलाच चार्जर उलटा चालवून 230 व्होल्ट एसी करून बाहेर देतो, घरच्या सॉकेटसारखा. पण तो चार्जर किती देऊ शकतो त्याला मर्यादा असते. आयोनिक 5 मध्ये 3.6 किलोवॅट मिळतात, बाकीच्या बऱ्याच गाड्या थोडं कमी देतात. माझ्या गाडीत 3.3 केव्हीए आहे, म्हणजे साधारण 14 अँपिअर. घरातला एक 16 अँपिअरचा सॉकेट समजा, बास. अख्ख्या घराची लाइन नाही.

आता क्रमानं सांगतो.

आधी गाडीचं मॅन्युअल आणि अडॅप्टर

आपल्या गाडीत ही सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, शोरूमच्या पोराच्या तोंडावर जाऊ नका. नेक्सॉन ईव्हीत 2023 च्या नव्या मॉडेलपासनं आली, त्याच्या आधीच्या नेक्सॉनमध्ये नाही, म्हणजे नाव एकच पण गाडी वेगळी. तीन आकडे शोधून मोबाइलमध्ये लिहून ठेवायचे: जास्तीत जास्त किती वॅट किंवा केव्हीए, बॅटरी किती टक्क्यांवर आली की गाडी स्वतःहून सप्लाय बंद करते, आणि ती हद्द आपल्याला स्क्रीनवरनं बदलता येते का.

अडॅप्टर म्हणजे एका बाजूला चार्जिंगचा टाइप 2 प्लग आणि दुसऱ्या बाजूला सॉकेट. दिसायला एकदम साधी वस्तू, म्हणून लोक ऑनलाइन स्वस्तातला मागवतात. आत एक छोटा रेझिस्टर असतो, त्याच्यावरनं गाडी ओळखते की आता चार्ज व्हायचं नाही, करंट बाहेर द्यायचाय. हा रेझिस्टर सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. त्यामुळं एका गाडीचा अडॅप्टर दुसरीला लावला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, गाडी गप्प बसते, आणि आपल्याला वाटतं गाडीच खराब आहे. कंपनीचा महाग पडतो पण तोच घ्या. आणि सॉकेट भारतीय 16 अँपिअरचं आहे ना बघा, बाहेरच्या अडॅप्टरना कधी कधी युरोपातलं गोल सॉकेट येतं, मग त्याच्यावर कन्व्हर्टर पिन, त्याच्यावर मल्टिप्लग असली उतरंड होते आणि तिथंच प्लॅस्टिक वितळतं.

निघायच्या आधी घरी बसून हिशोब

हे काम चहा पिता पिता दहा मिनिटांचं आहे. आमचाच हिशोब सांगतो.

घरातनं निघताना बॅटरी 90 टक्के, म्हणजे 40 युनिट धरा. 40 किलोमीटरला, सामान आणि माणसं भरून, 6 युनिट गेली. रानात पोचलो तेव्हा 77 टक्के. परत यायला तेवढीच 6 युनिट, म्हणजे 13 टक्के, आणि वर 20 टक्के हात न लावायचे, कारण रात्री अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडीच पाहिजे. 13 आणि 20 मिळून 33, मी स्क्रीनवर हद्द 35 टक्क्यांवर लावली. म्हणजे 77 पासनं 35 पर्यंत वापरायला मोकळीक, साधारण 19 युनिट. पन्हाळ्याला वगैरे जाणार असाल तर जाताना चढामुळं दीड-दोन युनिट जास्त धरा, उतरताना त्यातली थोडी परत मिळतात पण हिशोबात ती धरू नका.

आता खर्च. इंडक्शन शेगडी संध्याकाळी आणि सकाळी मिळून 2.4 युनिट, राइस कुकर 0.3, चार एलईडी बल्ब सहा तास 0.2, दोन स्टँड फॅन रात्रभर 0.9 (थंडीत कशाला फॅन म्हणाल, तर डासांसाठी), मोबाइल 0.15, छोटा कॅम्पिंग फ्रिज 0.4. बेरीज 4.35. डीसीचा एसी करताना साधारण दहा टक्के जातात असं धरा, म्हणजे 4.8.

हे बघून वाटतं की बास एवढंच? पण एक खर्च कोणी धरत नाही. व्ही-टू-एल चालू असताना गाडी झोपत नाही. आतले कॉन्टॅक्टर, इन्व्हर्टर, कंट्रोलर, कधी कूलिंगचा पंप, सगळं जागं असतं. माझ्या गाडीत हा खर्च साधारण 150 वॅट निघाला, तुमच्यात कमीजास्त असेल. कसा काढला, तर एका रात्री सगळं सामान काढून नुसता अडॅप्टर लावून व्ही-टू-एल चालू ठेवलं आणि सकाळी किती टक्के उतरले ते बघितलं. 150 वॅट म्हणजे 14 तासाला 2.1 युनिट! चार बल्ब, दोन फॅन, मोबाइल आणि फ्रिज सगळं मिळून जे खातात त्याच्यापेक्षा जास्त गाडी नुसती जागी राहून खाते. म्हणजे रात्रभर एकट्या मोबाइल चार्जिंगसाठी व्ही-टू-एल चालू ठेवणं हा शुद्ध येडेपणा आहे, त्यासाठी पॉवर बँक आहे की.

एकूण गेले 6.9 युनिट, म्हणजे 15 टक्के. सकाळी स्क्रीनवर 61 दिसले, हिशोबाप्रमाणं 62 यायला पाहिजे होते, चालतंय तेवढं.

आता खरी अडचण: एकाच वेळी किती

युनिटांचा हिशोब जमला, 19 मधले 7 पण नाही लागले. मग बंद का पडलं? तर संध्याकाळी मी शेगडीवर पांढऱ्या रश्श्याचं भांडं ठेवलेलं, 2000 वॅटवर. शेजारी राइस कुकर, 700. झाले 2700, तोवर ठीक. तेवढ्यात वैनींनी पोरांच्या दुधासाठी इलेक्ट्रिक किटली लावली, 1500. झाले 4200, आणि गाडी म्हणाली रामराम. सगळं एकदम अंधार, फ्रिज पण बंद, स्क्रीनवर लाल मेसेज.

घाबरायचं नाही, हे गाडीनं स्वतःला वाचवायला केलेलं असतं. सगळी उपकरणं आधी सॉकेटमधनं काढायची, मग स्क्रीनवरनं व्ही-टू-एल बंद, अडॅप्टर काढून मिनिटभर थांबून परत लावायचा, चालू करायचं, आणि मग एक एक वस्तू जोडत जायची. सगळं तसंच लावलेलं ठेवून परत चालू केलं तर परत ट्रिप होतं, आमचं झालं.

म्हणून नियम एकच केलाय आता: तापवणारी वस्तू एका वेळी एकच. शेगडी, किटली, गीझरचा रॉड, इस्त्री, राइस कुकर यातलं एक चालू असेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. बल्ब, फॅन, फ्रिज, लॅपटॉप यांचं काही नाही, ते सगळे मिळून दोनशे वॅटच्या आसपासच असतात, राहू देत.

शेगडीची एक गंमत सांगतो, 400 वॅटवर ठेवली म्हणजे ती सलग 400 घेते असं नाही. स्वस्तातल्या शेगड्या कमी सेटिंगला काही सेकंद हजारभर वॅट घेतात, काही सेकंद बंद, असं करत सरासरी 400 काढतात. तिचा तो घुर्र-गप्प-घुर्र आवाज ऐकला असेलच. त्यामुळं मंद आचेवर आहे म्हणून किटली लावायला जाल तर फसाल. एक प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर घ्या, 16 अँपिअरचा, अडॅप्टर आणि एक्स्टेन्शनच्या मध्ये लावून ठेवा, आकडा समोर दिसला की घरातले लोक पण आपोआप विचारून लावतात.

(तांबडा रस्सा मात्र आम्ही चुलीवरच केला. शेगडीवर ती मजा नाही, हे काय गाडीच्या हातात नाही.)

एक्स्टेन्शन बोर्ड, हा सगळ्यात दुर्लक्षित

घरातला टीव्हीमागचा बारीक वायरचा बोर्ड इथं आणू नका. गाडी जिथं उभी आणि शेगडी जिथं, त्यात 15-20 मीटर सहज होतात. 1 चौरस मिलिमीटरच्या वायरनं 20 मीटरवर 10 अँपिअर नेले तर वायरच जवळजवळ 70 वॅट खाते, म्हणजे तेवढी गरम होते, आणि टोकाला 7 व्होल्ट कमी पोचतात. 2.5 ची तीन कोअर वायर घेतली तर हेच 30 वॅटच्या आत येतं. महाद्वार रोडला किंवा लक्ष्मीपुरीत कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात सांगून बनवून मिळते, दोन्ही टोकांना 16 अँपिअरचा चांगला टॉप आणि सॉकेट.

वायर रीळवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण सोडा, लागो न लागो. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या फेऱ्या एकमेकांना चिकटतात. दहा मिनिटं शेगडी चालली की टॉपला हात लावून बघायचा, कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर टॉप सैल बसलाय, बंद करून बदला. जळका वास यायची वाट बघू नका.

रानात दंव पडतं ते पण लक्षात ठेवा. गाडीचं चार्जिंग पोर्ट पाण्याला टिकतं, पण अडॅप्टरच्या सॉकेटचं तोंड बहुतेक उघडंच असतं. बोर्ड जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर ठेवा, आणि पोर्टमधनं खाली येणारी वायर आधी खाली लोंबून मग वर बोर्डाकडं जाऊ दे, म्हणजे पाणी ओघळलं तर खालच्या वळणावर टपकेल, सॉकेटात जाणार नाही. पावसाळ्यात उघड्यावर वापरूच नका, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे.

अर्थिंग: इथं जरा सावकाश वाचा

घरात न्यूट्रल तिकडं ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. म्हणून मिक्सरच्या बॉडीत करंट उतरला की तो अर्थिंगमधनं पळतो आणि ईएलसीबी पडते. गाडी मात्र चार रबरी टायरवर उभी आहे, जमिनीशी तिचा काही संबंध नाही. काही गाड्यांत व्ही-टू-एलची एक लाइन गाडीच्या बॉडीला जोडलेली असते, काहींत दोन्ही लाइनी मोकळ्या तरंगत्या असतात. तरंगती असेल तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर घातला तर दोन्हीकडं मंद लागतो, लोक घाबरतात की न्यूट्रल गेला. गेलेला नसतो, तो तसाच असतो.

याचा अर्थ असा की पहिला बिघाड झाला तरी काहीच ट्रिप होत नाही. समजा फ्रिजच्या वायरला कुठं तरी चीर पडून ती लोखंडी टेबलाला टेकली, सगळं मजेत चालू राहतं, कोणाला पत्ता नाही. मग तासाभरानं दुसऱ्या वस्तूत दुसऱ्या लाइनीचा बिघाड झाला, आणि एकाच माणसाचे दोन हात दोन्हीकडं लागले की पूर्ण 230 व्होल्ट. आणि मध्ये ईएलसीबी लावून तिचं टेस्ट बटण दाबून खूश होऊ नका. ते बटण आतल्याआत एका लाइनीतनं दुसऱ्या लाइनीत थोडा करंट सोडतं, त्याला अर्थिंग लागतच नाही, त्यामुळं तरंगत्या सप्लायवर पण ती टक्कन पडते. बटणानं पडली म्हणजे माणसाला वाचवेल असं सिद्ध होत नाही.

मग करायचं काय, तर सोपं. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच करा, स्वतःच्या मनानं सळई ठोकून वायरी जोडू नका. शक्य तेवढ्या डबल इन्सुलेशनच्या वस्तू वापरा, पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, बहुतेक ड्रिल आणि ग्राइंडरवर ती सापडते. धातूच्या बॉडीच्या वस्तू एका वेळी एकच. वायरी निघायच्या आधी हातानं पूर्ण चाचपून बघा. आणि पायात चप्पल. दुसऱ्या इलेक्ट्रिक गाडीचा घरगुती चार्जर लावला आणि तो लाल लाइट दाखवून चार्जच करेना, तर त्याचं कारण पण बहुतेक हेच, तो आधी अर्थिंग तपासतो.

आणि घरातली लाइट गेली म्हणून गाडीची वायर दोन्हीकडं पिना लावून घरच्या सॉकेटात घुसवायची, हे कधीच नाही. करंट मीटरमधनं उलटा पोलवर जातो आणि तिथं वायरमन चढलेला असतो. लाइट परत आली तर गाडीचा चार्जर पण गेला.

अवजारं: ग्राइंडर चालतो, वेल्डिंग कसंबसं, पंप विसरा

सकाळी मित्र म्हणाला आलायस तर गेटचं बिजागर लावून दे, मी उद्यमनगरात वाढलेला माणूस, सामान डिकीत होतंच. चार इंची ग्राइंडर 850 वॅट, काहीच अडचण नाही, ड्रिल पण नाही. यांच्यात कार्बन ब्रशवाली मोटर असते, सुरुवातीला थोडा झटका घेते पण क्षणभरच. 14 इंची कटऑफ मशीन मात्र 2200 वॅटच्या पुढं, चालू करतानाचा झटका मोठा, ती कधी चालू होते कधी गाडी ट्रिप होते.

वेल्डिंगचं जरा बघू. साधी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, 2.5 चा रॉड, 80 अँपिअर. आर्कला साधारण 23 व्होल्ट, म्हणजे बाहेर 1840 वॅट. मशीन स्वतः थोडं खाते, तर आत 2300 वॅट लागतात. बघायला 3300 च्या खूप खाली. पण या मशीन करंट सलग घेत नाहीत, प्रत्येक सायकलच्या टोकाला ओढून घेतात, पॉवर फॅक्टर 0.7 च्या आसपास, म्हणजे जेवढा करंट ओढतात त्या मानानं खरे वॅट कमीच. 2300 ला 0.7 नं भागलं की 3300 व्हीए, बरोबर काठावर! मी 80 वर लावलं तर दोन टाके बसले आणि तिसऱ्याला गाडी बंद. 65 वर आणलं, 2 चा बारीक रॉड घेतला, बिजागर लागलं. म्हणून पाटीवरचे वॅट बघून ठरवू नका, टाँग टेस्टरनं अँपिअर बघा, तो खरं सांगतो, फक्त ट्रू आरएमएस लिहिलेला घ्या नाहीतर अशा करंटला तो पण चुकतो.

पंप, कॉम्प्रेसर यांच्यात इंडक्शन मोटर असते आणि ती सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. 1 एचपीची मोटर चालताना 5-6 अँपिअर घेते, सुरू होताना 30 च्या घरात. आपली हद्द 14. गाडीचा इन्व्हर्टर असला जास्तीचा भार अगदी क्षणभर सहन करतो, त्यामुळं अर्ध्या एचपीचा पंप सुटेल, एकाचा नशिबावर, आणि मोटर फिरत नाही नुसती घुमते असं दिसलं तर लगेच बंद करा, वाइंडिंग जळतं. रानातली 3 किंवा 5 एचपीची मोटर तर थ्री फेज, इथं सिंगल फेजच येतो, विषयच संपला.

आवरताना

उलट्या क्रमानं. आधी सगळी उपकरणं बंद, मग स्क्रीनवर व्ही-टू-एल बंद, मग गाडी अनलॉक करून अडॅप्टर ओढायचा. चालू लोडवर ओढू नका, पिना जळतात. अनलॉक केल्याशिवाय बहुतेक गाड्यांत तो सुटतच नाही, आणि ते बरंच आहे, रात्री कोण काढून नेणार नाही. शेवटी पोर्टाचं झाकण लागलं का बघा.

आमचा अडॅप्टर त्या दिवशी खुर्चीवरच राहिला. कळ्यात चहाला थांबलो तेव्हा वैनींनी विचारलं, ते तुमचं काळं डबडं घेतलंय न्हवं? परत गेलो, 14 किलोमीटर जाऊन येऊन. हिशोबातल्या 20 टक्क्यांतलं काही लागलं नाही, पण मित्र अजून चिडवतोय.